कपात मोजता येईल असे हजेरीचे परिपत्रक

पुण्यात मशीनवर हजेरी घेणाऱ्या कार्यालयांत सुधारित पद्धतीचे परिपत्रक निघते तेव्हा त्याचा मजकूर बहुतेक वेळा असा असतो:

"सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, येत्या १ तारखेपासून उपस्थिती बायोमेट्रिक प्रणालीद्वारे नोंदविण्यात येणार असून कार्यालयीन वेळेचे काटेकोर पालन करण्यात यावे. १० मिनिटांपर्यंतची सवलत अनुज्ञेय राहील. तथापि तीन वेळा विलंब झाल्यास एक दिवसाची रजा वजा करण्यात येईल. नोंद न झाल्यास गैरहजर समजण्यात येईल. याबाबत कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही."

हा मजकूर व्याकरणाला धरून आहे, मराठीत आहे आणि वाचायला फारसा जडही नाही. तरीही तो सदोष आहे. तो वाचून कोणत्याही कर्मचाऱ्याला या महिन्यात आपली किती रजा किंवा किती पगार कापला जाईल, हे सांगता येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या परिपत्रकामुळे माणसाच्या रजेला किंवा पगाराला हात लागतो, ते वाचून त्याला आपली कपात आपल्या हाताने मोजता आली पाहिजे. ती मोजता येत नसेल, तर मजकूर दुरुस्त होईपर्यंत कपात थांबली पाहिजे.

एक हिशेब करून पाहू. समजा, शिवाजीनगरमधल्या एका खासगी संस्थेच्या कार्यालयाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ आहे आणि जेवणाची सुट्टी अर्धा तास. म्हणजे प्रत्यक्ष काम आठ तासांचे. एका लिपिकाचा पगार २४,००० रुपये आहे. एका महिन्यात त्याच्या आगमनाच्या सहा नोंदी सवलतीच्या काठावर किंवा त्यापुढे गेल्या: ९ वाजून ५५ मिनिटे ४० सेकंद, १०.०२, ९.५८, १०.१०, ९.५७ आणि १०.२०. वरचे परिपत्रक लावले, तर कपात किती?

पहिलीच नोंद अडवते. दहा मिनिटांची सवलत ९.५५ ला संपते. पण मशीन सेकंदही नोंदवते आणि पडद्यावर फक्त ९.५५ दाखवते. कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर ९.५५ आहे, अहवाल काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हिशेबात मात्र दहा मिनिटे उलटून ४० सेकंद झाले आहेत. त्यामुळे उशीर पाच वेळा झाला की सहा वेळा, इथेच मतभेद सुरू होतो. पुढे "तीन वेळा विलंब झाल्यास एक दिवस" या वाक्याचे तीन अर्थ निघतात. दर तीन उशिरांमागे एक दिवस धरला, तर सहा उशिरांचे दोन दिवस होतात. तिसऱ्या उशिरापासून प्रत्येक उशिराला एक दिवस धरला, तर चार दिवस होतात. महिन्यात तीन किंवा त्याहून अधिक उशीर झाले की एकदाच एक दिवस धरला, तर एकच. हे "तीन वेळा" महिन्यात मोजायचे की वर्षात, हेही लिहिलेले नाही. वर्षात मोजायचे म्हटले, तर मागच्या महिन्यांतले उशीरही खात्यावर येतात. कोणती रजा वजा होणार, नैमित्तिक की अर्जित, आणि शिल्लक शून्य असेल तर काय, याचाही उल्लेख नाही. रजा शिल्लक नाही म्हणून बिनपगारी दिवस धरला आणि २४,००० ला ३० ने भागून दिवसाचे ८०० रुपये काढले, तर एकाच लिपिकाच्या एकाच महिन्याची कपात ८०० रुपयेही असू शकते आणि ३,२०० रुपयेही.

आता प्रत्यक्ष उशीर मोजू. ९.४५ पासून मोजले, तर सहा दिवसांचा मिळून उशीर ११२ मिनिटे ४० सेकंद होतो, म्हणजे दोन तासांहूनही कमी. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले, तर २०० तास होतात आणि तासाला १२० रुपये पडतात. या हिशेबाने गेलेल्या वेळेची किंमत सुमारे २२५ रुपये आहे.

हा आकडा केवळ न्यायबुद्धीसाठी मांडलेला नाही. गैरहजेरीबद्दलची पगारकपात गैरहजेरीच्या कालावधीच्या प्रमाणापेक्षा जास्त असू नये, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या कलम ९ मध्ये होते आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही ते कायम ठेवले आहे. शिस्तीसाठी त्यापेक्षा जास्त रक्कम कापायची असेल, तर तो दंड होतो, आणि दंडाचा रस्ता वेगळा आहे. कोणत्या कृतीसाठी दंड होईल हे मंजुरी घेऊन आधी जाहीर करावे लागते, कर्मचाऱ्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि दंडाची रक्कम त्या वेतन कालावधीच्या पगाराच्या ३ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. आपल्या लिपिकाच्या बाबतीत ही मर्यादा ७२० रुपये येते. रजेच्या खात्यातून दिवस वजा करणे आणि पगारातून रक्कम कापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिपत्रकाचा मसुदा करणारे त्या एकाच वाक्यात कोंबतात आणि रजा संपलेला कर्मचारी त्यात भरडला जातो. संस्थेने उशिराला रजा वजा करण्याचा कडक नियम करावा की करू नये, यावर मतभेद असू शकतात. नियम कडक असला, तरी तो स्पष्ट मात्र असलाच पाहिजे. तेवढ्याच कडकपणाचा नियम असा लिहिता येतो:

"सकाळी ९.५५ पर्यंतची नोंद वेळेवर धरली जाईल. मशीनच्या पडद्यावर ९.५६ किंवा त्यापुढची वेळ दिसत असेल, तर ती नोंद उशिराची धरली जाईल. सेकंद मोजले जाणार नाहीत. हजेरीचा महिना २६ तारखेपासून पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत राहील. एका हजेरी महिन्यात उशिराच्या दर तीन नोंदींमागे एक दिवसाची नैमित्तिक रजा वजा होईल. उरलेल्या एक किंवा दोन नोंदी पुढील महिन्यात मोजल्या जाणार नाहीत. नैमित्तिक रजा शिल्लक नसल्यास अर्जित रजा वजा होईल. दोन्ही शिल्लक नसल्यास ९.४५ पासूनच्या प्रत्यक्ष उशिराच्या मिनिटांइतकाच पगार कापला जाईल. उदाहरण: एका महिन्यात उशिराच्या पाच नोंदी झाल्यास एक दिवसाची रजा वजा होईल, सहा झाल्यास दोन दिवसांची."

या मजकुरात कोणताही कठीण शब्द नाही आणि सलगीचाही नाही. तो लावला, की आपल्या लिपिकाच्या उशिराच्या नोंदी पाच आणि कपात एक दिवसाची रजा, याबद्दल वाद उरत नाही. शेवटचे उदाहरण अनावश्यक वाटेल, पण मजकुरात सगळ्यात उपयोगी वाक्य तेच आहे. नियमाचे दोन अर्थ निघत असतील, तर उदाहरण लिहायला बसल्यावर ते मसुदा करणाऱ्याच्याच लक्षात येतात.

उशिराइतकाच तापदायक मुद्दा "नोंद न झाल्यास गैरहजर" हा आहे. नोंद न होण्याची बहुतेक कारणे कर्मचाऱ्याच्या हातात नसतात. भांडी-फरशी करणाऱ्या, रसायने हाताळणाऱ्या आणि वयस्कर माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. पावसाळ्यात ओले बोट मशीन वाचत नाही. काचेच्या दाराकडे तोंड करून बसवलेल्या चेहरा ओळखणाऱ्या मशीनला, माणसाच्या पाठीमागून येणाऱ्या सकाळच्या उन्हामुळे चेहरा काळा दिसतो. मोबाइलवरून हजेरी असेल, तर तळघरातल्या पार्किंगमध्ये ठिकाण चुकीचे दाखवले जाते. नेट बंद असताना मशीन नोंद स्वतःकडे ठेवते आणि जोडणी आल्यावर पुढे पाठवते. त्याआधी आस्थापना शाखेने अकरा वाजता अहवाल काढला, तर दारातून आत आलेली अर्धी माणसे कागदावर गैरहजर दिसतात.

एक चूक मात्र बारकाईने समजून घेण्यासारखी आहे, कारण ती महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. काही सॉफ्टवेअर दिवसातली पहिली नोंद आगमन आणि शेवटची नोंद प्रस्थान धरते. काही सॉफ्टवेअर नोंदी आळीपाळीने वाचते: पहिली आत, दुसरी बाहेर, तिसरी आत, चौथी बाहेर. दुसऱ्या प्रकारात, बोट लागले की नाही या शंकेने कर्मचाऱ्याने सकाळी दोनदा बोट ठेवले, तर ९.४४ ला आत आणि ९.४५ ला बाहेर अशी नोंद होते. संध्याकाळची ६.२० ची नोंद मग तिसरी म्हणून "आत" ठरते आणि तिला जोडीदार उरत नाही. दिवसभर काम केलेल्या माणसाच्या नावावर एक मिनिटाचे काम दिसते. हे ओळखायची खूण सोपी आहे: अहवालात एखाद्याचे कामाचे तास अगदीच थोडे आणि नोंदींची संख्या विषम दिसली, की आधी दुबार नोंद तपासावी. परिपत्रकात यासाठी एकच वाक्य पुरते: "दिवसातील पहिली नोंद आगमनाची व शेवटची नोंद प्रस्थानाची धरली जाईल, मधल्या नोंदी मोजल्या जाणार नाहीत." हे वाक्य लिहिण्यापूर्वी सॉफ्टवेअरची मांडणीही तशीच आहे ना, हे बघायला हवे. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचे प्रस्थान दुसऱ्या तारखेला होते, म्हणून त्याच्यासाठी वेगळे वाक्य लागते. ते नसेल, तर त्याचे सकाळचे प्रस्थान त्या दिवसाचे आगमन आणि रात्रीचे आगमन प्रस्थान धरले जाते.

नोंद चुकली, की दुरुस्ती आली. इथे परिपत्रकी मराठीची एक जुनी सवय थेट नुकसान करते. "दुरुस्तीचा अर्ज विहित मुदतीत सादर करण्यात यावा व त्यावर योग्य ती कार्यवाही करण्यात यावी," असे लिहिले जाते. कोणी करावी, कोणाकडे, किती दिवसांत, आणि कोणीच काही केले नाही तर काय, यातले काहीही वाक्यात नाही. अर्ज विभागप्रमुखाच्या टेबलावर पडून राहतो, आस्थापना शाखा म्हणते आमच्याकडे आलाच नाही, पगार कापून होतो, आणि दोष कोणाचाच नसतो. करणाऱ्याचे पद वाक्याच्या सुरुवातीला आणले, की ही पळवाट बंद होते:

"कर्मचाऱ्याने चुकीची किंवा राहिलेली नोंद कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत विभागप्रमुखाकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. विभागप्रमुखाने अर्ज मिळाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत मान्य किंवा अमान्य असा शेरा कारणासह द्यावा. या मुदतीत शेरा न दिल्यास अर्ज मान्य झाला असे धरून आस्थापना शाखेने हजेरी दुरुस्त करावी."

"कामकाजाच्या" हा शब्द काढून टाकावासा वाटेल, पण तो काढू नये. शुक्रवारी संध्याकाळी चूक कळली आणि नुसते "दोन दिवसांत" लिहिलेले असले, तर पाच दिवसांच्या आठवड्याच्या कार्यालयात मुदत रविवारी बंद दारासमोर संपते. मुदत मोजायची सुरुवात कुठून, हेही तितकेच महत्त्वाचे. "घटनेपासून" लिहिले, तर चूक कळण्यापूर्वीच मुदत निघून जाते, कारण हजेरीचा गोषवारा कर्मचाऱ्याला महिन्याच्या शेवटी मिळतो. हजेरीचा महिना २५ ला बंद करण्याचे कारणही हेच आहे: २६ ला गोषवारा हातात, पुढचे काही दिवस दुरुस्तीला, आणि पगारपत्रक बनवणाऱ्यालाही श्वास घ्यायला जागा. महिनाअखेरीला हजेरी बंद करून लगेच १ तारखेला पगार काढणाऱ्या कार्यालयात दुरुस्तीची सोय कागदावरच राहते.

अशा मजकुरावर प्रशासनाकडून येणारे दोन आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला असा की, इतके सगळे लिहून टाकले, तर वरिष्ठांच्या हाती काही उरत नाही. अडचणीतल्या माणसाला सांभाळून घ्यायला नियमात थोडी सैल जागा हवी. सैल जागा हवी हे खरे आहे. पण ती मोघम शब्दांत ठेवली, की तिचा फायदा साहेबांच्या केबिनपर्यंत सहज जाऊ शकणाऱ्यालाच मिळतो. सफाई कामगार बाई विभागप्रमुखाला "जरा बघा ना" म्हणायला जात नाही. म्हणून सूट देण्याचा अधिकार लिहूनच द्यावा: विभागप्रमुख एका कर्मचाऱ्याच्या महिन्यातील दोन उशीर कारण नोंदवून माफ करू शकतील. मग ती सवलत सगळ्यांना माहीत असते आणि सगळ्यांना मागता येते.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे. साध्या शब्दांत लिहिले, तर परिपत्रकाचे वजन जाते आणि वादात ते टिकत नाही, असे मानणारे बरेच आहेत. वादात परिपत्रक टिकते ते त्यावरचा क्रमांक, दिनांक, सहीचे पद, लागू होण्याची तारीख आणि एकच अर्थ निघणारी वाक्ये यांमुळे. "अनुज्ञेय राहील" ऐवजी "मिळेल" लिहिल्याने यातले काहीही कमी होत नाही. "सक्षम प्राधिकारी" या शब्दांमागे कोणते पद आहे, हे शोधण्यात मात्र आठवडा जातो. उलट टोकही वाईट आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर "उद्यापासून सगळ्यांनी वेळेत या, नाहीतर हाफ डे" असे टाकले, तर ते सगळ्यांना समजते, पण त्याला क्रमांक नाही, सही नाही, आणि महिन्याभराने तो संदेश सापडतही नाही. औपचारिक आणि साधे यांत भांडण नाही. शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा कार्यालयीन वेळ ९.४५ ते ६.१५, शिपायांसाठी ९.३० ते ६.३० आणि जेवणाची सुट्टी १ ते २ या वेळेत जास्तीत जास्त अर्धा तास, अशी ठरवून दिली. आकडे आणि माणसे नावानिशी आली, की वाक्य आपोआप सोपे होते. त्यातच, एका गोष्टीला परिपत्रकभर एकच शब्द ठेवला पाहिजे. पहिल्या परिच्छेदात "उपस्थिती", दुसऱ्यात "हजेरी" आणि तिसऱ्यात "मस्टर" आले, की वाचणाऱ्याला तीन वेगळ्या नोंदी करायच्या आहेत असे वाटते, आणि काही जण खरोखरच मशीनवर बोट ठेवून शिवाय मस्टरवर सहीही करत राहतात.

जुन्या परिपत्रकांचे काय करायचे, हे शेवटच्या ओळीत घाईने उरकले जाते: "यापूर्वीची सर्व परिपत्रके रद्द समजण्यात यावीत." या एका ओळीने दिव्यांग कर्मचाऱ्यांना दिलेली उशिरा येण्याची मुभा किंवा हालचाल नोंदवहीत लिहून बाहेरच्या कामाला जाण्याची पद्धतही नकळत रद्द होते. बँकेच्या कामासाठी साहेबांनीच पाठवलेला शिपाई त्या दिवसापासून कागदावर पळून गेलेला ठरतो. रद्द करायचे ते परिपत्रक क्रमांक आणि दिनांकासह लिहावे, आणि चालू ठेवायचे तेही.

तारीख ठरवतानाही "उद्यापासून" ही घाई टाळावी. नवी पद्धत हजेरी महिन्याच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे २६ तारखेला सुरू व्हावी. मधूनच लागू केली, तर एकाच महिन्यात दोन नियमांनी हिशेब करावा लागतो आणि तो कोणालाच पटत नाही. कामाचे तास, विश्रांतीची वेळ किंवा पगारी रजा यांच्या अटीच बदलत असतील, तर कायद्याने कामगार ठरणाऱ्यांसाठी २१ दिवसांची पूर्वसूचना हा औद्योगिक कायद्यातला जुना दंडक आहे, आणि कित्येक लिपिक त्या व्याख्येत बसतात.

पुण्यापुरती एक गोष्ट परिपत्रकात असायलाच हवी. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या शहरात येतात, मुक्काम करतात आणि पुढे निघतात, त्या दिवसांत मध्यवर्ती रस्ते बंद असतात, बसचे मार्ग बदलतात, आणि हे पोलीस आधीच जाहीर करतात. दरवर्षी ठरलेल्या या गोष्टीसाठी दरवर्षी सकाळी दहाला "आजचा लेटमार्क माफ" असा तोंडी निरोप फिरवणे, आणि तो निरोप पगारपत्रक करणाऱ्यापर्यंत न पोहोचणे, हे सहज टाळता येते: "वाहतूक पोलिसांनी कार्यालयाकडे येणारे रस्ते बंद असल्याचे जाहीर केलेल्या दिवशी सकाळी १०.४५ पर्यंतची नोंद वेळेवर धरली जाईल. ही तारीख आस्थापना शाखा आदल्या कामकाजाच्या दिवशी फलकावर लावेल."

मसुदा सहीला जाण्यापूर्वी त्याची चाचणी घ्यायला अर्धा तास पुरतो. वर दिलेल्या सहा नोंदींसारखा एक नमुना कागदावर लिहावा. तो कागद आणि मसुदा एका लिपिकाला, एका शिपायाला आणि पगारपत्रक करणाऱ्याला वेगवेगळे बसवून द्यावा, आणि प्रत्येकाला एकच विचारावे: या माणसाची कपात किती? शिपायाला वाचायला अडचण असेल, तर मसुदा त्याला वाचून दाखवावा, समजावून मात्र सांगू नये. तिघांची उत्तरे वेगळी आली, तर प्रत्येकाने कोणत्या वाक्यावर बोट ठेवून ते उत्तर काढले, हे विचारावे. दुरुस्ती त्याच वाक्यात करायची असते. उत्तर एकच येईपर्यंत मसुद्यावर सही होऊ नये.